मॉइश्चरायझरची रिॲक्शन आली, तर विक्रेत्याला परताव्याचा मेसेज कसा लिहावा?

प्रश्न: ऑनलाइन मागवलेलं मॉइश्चरायझर तीन रात्री लावलं आणि पापण्या सुजल्या, गालांवर लाल पुरळ आलं, प्रचंड खाज सुटली. वासाची क्रीमं मला सोसत नाहीत, म्हणून पानावर ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेलं बघूनच घेतलं होतं. ॲपवर ‘हे उत्पादन परत करता येणार नाही’ असं येतंय. विक्रेत्याला मी लिहिलं, ‘तुमच्या बोगस क्रीममुळे माझा चेहरा खराब झाला, पैसे परत करा नाहीतर कोर्टात खेचेन.’ अजून उत्तर नाही. खोक्यावर घटकांच्या शेवटी ‘पार्फम’ असं काहीतरी दिसतंय, त्याला काही अर्थ आहे का? मेसेज नेमका कसा लिहू?

उत्तर:

तुम्ही शेवटी जाता जाता जे विचारलंय ना, त्यावरच तुमचा सगळा दावा उभा आहे. पार्फम म्हणजे मुद्दाम घातलेलं सुगंधी द्रव्य. पानावर ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ आणि खोक्यावर ‘पार्फम’, म्हणजे जे सांगून विकलं ते पाठवलेलं नाही. तुमच्या पहिल्या मेसेजमध्ये मात्र याचा उल्लेखच नाही. त्यात आहे ‘बोगस’, ‘खराब’ आणि ‘कोर्ट’. ग्राहक तक्रारींच्या टेबलावर बसून मी असे मेसेज रोज वाचते. पलीकडे बसलेल्या माणसाला अशा मजकुरातून ना ऑर्डर सापडते, ना काय तपासायचं ते कळतं. तो ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ चिकटवतो आणि पुढच्या तक्रारीकडे वळतो.

आधी तब्येतीचं. क्रीम बंद केलंच असेल. ‘नक्की यानेच झालं का’ हे बघायला किंवा फोटो काढायला म्हणून पुन्हा लावू नका. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, तर मेसेज राहू द्या बाजूला आणि थेट दवाखाना गाठा.

आता परताव्याचा हक्क नेमका कशावर उभा राहतो, ते बघू. बहुतेकांना वाटतं की रिॲक्शन आली म्हणजे क्रीम सदोष, आणि सदोष म्हणजे पैसे परत. कायद्यात ते इतकं सरळ नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोष म्हणजे मालाच्या दर्जात, प्रमाणात, शुद्धतेत किंवा ठरलेल्या मानकात असलेली उणीव. अगदी शुद्ध, नीट बनवलेलं क्रीमसुद्धा एखाद्याला सोसत नाही, जसे शेंगदाणे काहींना चालत नाहीत. त्यामुळे ‘मला रिॲक्शन आली’ एवढ्यावर थांबलात, तर विक्रेता म्हणणार, ‘त्वचा प्रत्येकाची वेगळी असते’, आणि तो पूर्ण चुकीचं बोलत नसतो.

पण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधल्या नियम ६ प्रमाणे माल सदोष असेल, बनावट असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणधर्मांचा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. यातली तिसरी बाब तुम्हाला तंतोतंत लागू होते. ॲपवरची ‘परत करता येणार नाही’ ही पाटी मन बदललं, वास आवडला नाही, असल्या कारणांसाठी ठीक आहे. उघडलेलं क्रीम दुसऱ्याला विकता येत नाही, म्हणून ती असते आणि त्यात गैर काही नाही. वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाला मात्र ती पाटी आडवी येत नाही. म्हणून मेसेजमध्ये वर्णन आणि माल यांतला फरक आधी यायला हवा. रिॲक्शन हा त्याचा परिणाम, तो दुसऱ्या परिच्छेदात.

मेसेज लिहायच्या आधी अर्धा तास काढून एक काम उरका. उत्पादनाच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या, आजच. तक्रार गेल्यावर पानावरचा मजकूर बदलणं अवघड नसतं, आणि मग ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ होतं हे सिद्ध कसं करणार? पान लांब असतं, तेव्हा तुकड्यातुकड्यांनी घ्या. उत्पादनाचं नाव, विक्रेत्याचं नाव, दाव्याची ओळ, घटकांची यादी दिली असल्यास ती, आणि परताव्याची अट, हे सगळं यायला हवं. ‘माय ऑर्डर्स’मधलं ऑर्डरचं पान आणि बिलही उतरवून ठेवा. बिलावर विक्रेत्याचं नाव असतं, आणि ते बऱ्याचदा ॲपच्या नावापेक्षा वेगळं निघतं.

मग खोकं आणि डबा. बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, वापराची अंतिम तारीख, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी, या सगळ्याचे वाचता येतील असे फोटो घ्या. खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि डब्यावरचा बॅच क्रमांक जुळतो का, हेही बघा. हे कुणी बघत नाही. तो जुळला नाही, डब्यावर छपाईच नसली किंवा झाकणाखालचं सील आधीच उचकटलेलं होतं, तर प्रकरण ‘वर्णनाशी विसंगत’वरून ‘बनावट असल्याचा संशय’कडे जातं. मग अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी तक्रार करण्याजोगं काही हातात असतं. परदेशी क्रीम असेल, तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक लेबलवर असायला हवा. तो नसेल तर तेही मेसेजमध्ये लिहा.

घटकांच्या यादीबद्दल थोडं. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून पार्फम जवळजवळ नेहमी तळाशी सापडतो. ‘शेवटी आहे म्हणजे नगण्य आहे’ असं उत्तर येऊ शकतं, त्याने गडबडू नका. ज्याच्या त्वचेला एखाद्या घटकाची ॲलर्जी आहे, त्याला थोडंही पुरतं. शिवाय ‘फ्री’ म्हणजे नाही, ‘थोडं आहे’ असा त्याचा अर्थ होत नाही. पानावर ‘अनसेंटेड’ लिहिलं असतं, तर बाजू थोडी कच्ची झाली असती. मूळचा वास झाकायला घातलेलं सुगंधी द्रव्य असूनही तो शब्द वापरला जातो. लॅव्हेंडर किंवा संत्र्याच्या सालीचं तेल घालून ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिणारेही आहेत. तिथे पार्फम हा शब्द नसतो, पण लिनालूल, लिमोनिन अशी नावं दिसतात. ती दिसली तर त्यांनाही मेसेजमध्ये जागा द्या.

चेहऱ्याचे फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता घ्या. फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातलं ‘ब्यूटी’ सेटिंग आठवणीने बंद करा. त्यात कातडी गुळगुळीत होते आणि पुरळ चक्क नाहीसं होतं. पापण्यांचा जवळून एक आणि पूर्ण चेहऱ्याचा एक, एवढे पुरे. हे फोटो तक्रारीला जोडा, जाहीर रिव्ह्यूत टाकू नका.

डॉक्टरांकडे गेला नसाल तर जा. त्यांच्याकडून ‘याच क्रीममुळे झालं’ असं प्रमाणपत्र मागू नका. कुठलाही शहाणा डॉक्टर एका भेटीत ते लिहून देणार नाही. चिठ्ठीवर तारीख, काय दिसलं, ‘तीन दिवस नवीन मॉइश्चरायझर लावल्याचा इतिहास’, ‘संशयित कॉन्टॅक्ट डर्मटायटिस’, म्हणजे कातडीला लागलेल्या वस्तूने आलेला दाह, आणि ‘उत्पादन बंद करावे’ एवढं आलं की काम झालं.

आणि एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: त्या आठवड्यात आणखी काही नवीन लावलं होतं का? पापण्यांची सूज फसवी असते. केसांचा डाय, नेलपॉलिश, काजळ, टिकलीचा गोंद, नवा फेसवॉश, यांतल्या कशानेही तिथे रिॲक्शन येऊ शकते. नेलपॉलिश बोटांना काही करत नाही, पण तेच हात डोळ्यांना लागतात आणि पापणीची पातळ कातडी तक्रार करते. असं काही असेल तर मेसेजमध्ये लपवू नका. लपवलेलं नंतर रिव्ह्यूतून किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीतून बाहेर आलं, तर पार्फमचा पक्का मुद्दाही संशयात येतो.

आता मेसेज. तारखा, रक्कम आणि इतर तपशील मी नमुन्यादाखल घातले आहेत. जे तुमच्या बाबतीत खरं नसेल, ते काढून टाका.

> विषय: ऑर्डर क्रमांक ………: वर्णनाशी न जुळणारा माल, वापरानंतर त्वचेवर रिॲक्शन, ६४९ रुपयांच्या परताव्याची मागणी
>
> नमस्कार,
>
> मी २ मार्च रोजी तुमच्याकडून ……… मॉइश्चरायझर (१०० मिली) ६४९ रुपयांना घेतलं. पार्सल ६ मार्चला मिळालं. बॅच क्रमांक ………, उत्पादनाचा महिना ………
>
> उत्पादनाच्या पानावर ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. सुगंधी द्रव्यं मला सोसत नाहीत, म्हणून याच कारणासाठी मी ते निवडलं. मिळालेल्या खोक्यावरच्या घटकांच्या यादीत मात्र ‘पार्फम’ आहे. पानाचा स्क्रीनशॉट आणि खोक्याचा फोटो जोडला आहे.
>
> मी हे क्रीम ७, ८ आणि ९ मार्चला रात्री चेहऱ्यावर लावलं. १० मार्चला सकाळी दोन्ही पापण्यांना सूज, गालांवर लाल पुरळ आणि खाज सुरू झाली. त्याच दिवशी वापर थांबवला. या काळात चेहऱ्यावर किंवा केसांना दुसरं कोणतंही नवीन उत्पादन लावलेलं नाही. ११ मार्चला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी संशयित कॉन्टॅक्ट डर्मटायटिस असल्याचं नोंदवलं आहे. फोटो आणि चिठ्ठी जोडली आहे.
>
> मिळालेला माल वर्णनाशी जुळत नाही. त्यामुळे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० च्या नियम ६ प्रमाणे ६४९ रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात १० दिवसांत परत करावेत. बदली डबा, कूपन किंवा वॉलेटमधली रक्कम मला नको.
>
> डबा आणि खोकं मी जपून ठेवलं आहे. तपासणीसाठी हवं असल्यास तसं लेखी कळवा. नेण्याचा खर्च तुमच्याकडे राहील. उपचाराच्या खर्चाबाबतचे माझे हक्क मी राखून ठेवत आहे.
>
> या तक्रारीचा क्रमांक कळवावा.
>
> (नाव, नोंदवलेला मोबाइल क्रमांक)

यात ‘बोगस’ नाही, ‘चेहऱ्याची वाट लागली’ नाही आणि धमकीही नाही. राग येणं रास्त आहे, पण वाचणाऱ्याला कारवाईसाठी लागतात तारखा, बॅच क्रमांक आणि जोडलेले कागद. ‘पैसे दिले नाहीत तर सगळीकडे बदनामी करीन’ असं तर चुकूनही लिहू नका. नंतर तोच स्क्रीनशॉट तुमच्याविरुद्ध पुढे येतो. कोर्टाचा उल्लेखही पहिल्या मेसेजमध्ये लागत नाही, नियमाचा क्रमांक तेच काम करतो.

मी मेसेज मराठीत दिला आहे, कारण विचार आपल्या भाषेत नीट बसतो. पण विक्रेता गुरुग्राम किंवा सुरतचा असला तर हाच मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीतही पाठवा. भाषांतर करताना तारखा आणि मागणी जशीच्या तशी ठेवा.

उपचाराचा खर्च लगेच मागावा का, यावर आमच्याकडेही मतभेद आहेत. माझं मत, पहिल्या मेसेजमध्ये मागू नये. ६४९ रुपयांचा परतावा तक्रार हाताळणारा साधा कर्मचारीही मंजूर करू शकतो. त्यात डॉक्टरांची फी आणि औषधं घातली की तक्रार वरच्या माणसांकडे जाते आणि तिथे आठवडेच्या आठवडे पडून राहते. हक्क राखून ठेवल्याची एक ओळ पुरेशी असते.

पाठवायचं कुठे? आधी ॲपमध्ये त्या ऑर्डरच्या ‘हेल्प’मधून, म्हणजे तक्रार क्रमांक मिळतो. तो देणं ॲपवर बंधनकारक आहे. चॅट असेल तर संपायच्या आत पूर्ण संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, खिडकी बंद केल्यावर ते पुन्हा दिसेलच असं नाही. त्यानंतर तोच मजकूर ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. त्यांचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर देणं नियमाने सक्तीचं आहे. बहुधा अगदी तळाशी, बारीक अक्षरात सापडतं. या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एक महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. तिसरी प्रत खोक्यावर छापलेल्या उत्पादकाच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवा. वर्णन उत्पादकाने दिलं होतं की विक्रेत्याने स्वतःच्या मनाने ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ चिकटवलं, ते यातून बाहेर येतं. उत्पादकाकडून ‘आमच्या या क्रीममध्ये सुगंध आहे’ असं लेखी उत्तर आलं, तर विक्रेत्याकडे बोलायला काही उरत नाही.

उत्तरं कोणती येतील याचा अंदाज देते. सगळ्यात जास्त येणारं उत्तर: ‘वापरण्यापूर्वी पॅच टेस्ट केली होती का? खोक्यावर तशी सूचना आहे.’ पॅच टेस्ट म्हणजे आधी थोडंसं क्रीम हातावर लावून बघणं. हे ऐकल्यावर माणूस खजील होतो आणि तिथेच तक्रार सोडून देतो. उलट लिहा: ‘पॅच टेस्ट क्रीममधल्या घटकांसाठी असते. जो घटक नसल्याचं तुम्ही सांगितलं, त्याची चाचणी मी का करावी? माझा मुद्दा वर्णन आणि माल यांतल्या फरकाचा आहे, त्यावर उत्तर द्यावं.’ केली नसेल तर ‘केली’ असं मात्र लिहू नका.

दुसरं उत्तर, ‘परताव्याची मुदत संपली.’ त्यावर नियम ६ आणि मालाच्या वर्णनातला फरक, एवढंच पुन्हा लिहायचं. तिसरं, ‘सदिच्छा म्हणून ३०० रुपयांचं कूपन देतो.’ ते वापरलंत की तक्रार मिटली असं धरलं जातं, म्हणून लेखी नाकारा. ‘रिव्ह्यू काढलात तर पैसे देऊ’ असं कुणी फोनवर म्हणालं तर सांगा, ‘हे लेखी पाठवा.’ बहुधा लेखी येत नाही.

क्रीम परत मागितलं तर घाई करू नका. पैसे खात्यात दिसेपर्यंत डबा हातचा सोडायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगते. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलं आणि मालातल्या दोषाचा प्रश्न निघाला, तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. डबाच नसेल तर काय पाठवणार? ॲपची पद्धतच ‘आधी पिकअप, मग परतावा’ अशी असेल, तर सगळे फोटो झाल्याची खात्री करा, पिकअपची पावती घ्या आणि डबा देतानाचा व्हिडिओ काढा.

महिना उलटला आणि काही हललं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते. पण इतक्या छोट्या रकमेची प्रकरणं तिथे बऱ्याचदा मिटतात. त्यापुढे जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. तरी स्पष्ट सांगते, केवळ ६४९ रुपयांसाठी तारखांना जाणं मी सुचवणार नाही. उपचाराचा खर्च मोठा झाला, कामाचे दिवस बुडाले किंवा चेहऱ्यावर डाग राहिले, तर तो विचार करा, आणि मग वकिलाला कागद दाखवा.

हे उत्तर वाचणाऱ्या ज्यांच्या बाबतीत पानावरचं वर्णन खरं आहे, लेबल बरोबर आहे, माल अस्सल आहे आणि तरी रिॲक्शन आली, त्यांनी वरचा मेसेज जसाच्या तसा उचलू नये. नियम ६ तिथे लागू होणं कठीण आहे. तिथे विनंतीच्या सुरात लिहावं: कधी लावलं, काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, आणि ‘ग्राहकाशी संबंध म्हणून परतावा देता येईल का?’ अशा पत्रांनाही पैसे मिळतात, विशेषतः उत्पादकाला लिहिलं तर. त्याच बॅचच्या आणखी तक्रारी आल्या आहेत का, हे त्याला तपासायचं असतं आणि तुमचा बॅच क्रमांक त्याच्या कामाचा असतो.

परतावा मिळाला की ‘६४९ रुपये मिळाले’ एवढीच पोच द्या. ‘आता माझी कोणतीही तक्रार नाही’ या अर्थाच्या मजकुरावर, किंवा तसं बटण असेल तर त्यावर, उपचार पूर्ण होईपर्यंत सही-संमती देऊ नका. डबा तुमच्याकडेच राहिला असेल, तर तोही टाकू नका. पार्फमचाच त्रास झाला की क्रीममधल्या एखाद्या प्रिझर्व्हेटिव्हचा, हे परताव्याने कळत नाही. त्वचा पूर्ण शांत झाल्यावर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर संशयित घटकांच्या पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या ४८ तास ठेवतात, आणि शेवटची तपासणी होईपर्यंत पाठ भिजवायची नसते. काढल्यावर एकदा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. तिथे जाताना डबा आणि खोकं सोबत न्या.